डबा भरलाच पाहिजे असे नाही

काशीराम रोकड्यांनी आयुष्यात बत्तीस वर्षं दुसऱ्याचं दूध तपासलं आणि एकदाही स्वतःची लघवी तपासली नाही. त्यांचा तो अभिमानाचा विषय होता. "मला काय धाड भरलीय?" हे त्यांचं उत्तर ठरलेलं असे. एका दूध डेअरीत ते तपासनीस होते. टँकर आला की झाकण उघडायचं, दांडा घालून ढवळायचं, नमुना घ्यायचा आणि त्यात लॅक्टोमीटर सोडायचा. काचेची ती नळी जरा जास्त खाली बुडाली की काशीराम नुसते वर बघत, आणि ड्रायव्हरला घाम फुटे. दुधात पाणी घालणाऱ्याला ते माणूस समजत नसत. रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, तरी घरात आलेल्या पिशवीच्या दुधाकडेही ते संशयानेच बघायचे.

अशा माणसाच्या हातात मुलुंडच्या हॉस्पिटलमध्ये दिशा नावाच्या मुलीने पाच लिटरचा एक पांढरा डबा आणि एक कागद दिला, तेव्हा ते खुर्चीत एकदम ताठ बसले. खरं तर डबा त्यांच्यासाठी नव्हता. तो त्यांच्या बायकोसाठी, मालनसाठी होता. त्यांचा मुलगा नीलेश छत्तीस वर्षांचा. त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या, दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चाललेलं. मालन त्याला आपली एक किडनी द्यायला निघाली होती. काशीरामांचाही हात वर होता, पण त्यांचा रक्तगट जुळला नाही आणि त्यांना दारातूनच परत पाठवण्यात आलं. त्यानंतर मालनच्या तपासण्यांमागून तपासण्या झाल्या, सगळ्या नीट आल्या. आता ही एक राहिली होती. चोवीस तासांत होते ती सगळी लघवी जमा करून आणायची, म्हणजे तिच्या किडन्या किती साफ करतात आणि त्यातून प्रोटीन गळतं का ते कळणार होतं. गळत असेल तर मालन बाद. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"कागद दोन्ही बाजूंनी वाचा हं काका," दिशा म्हणाली. ही मुलगी ट्रान्सप्लांटच्या सगळ्या कागदांची, तारखांची आणि रडारडीची व्यवस्था बघायची.

"नमुना कसा घ्यायचा ते मला शिकवू नकोस बाळ," काशीराम म्हणाले. "त्यात माझी हयात गेली."

घाटकोपरला, चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या दीड खोलीत आल्या आल्या त्यांनी नीलेशच्या कुरियर ऑफिसची तपकिरी टेप काढली आणि तो कागद चारही बाजूंनी संडासाच्या दारावर असा चिकटवला, की वादळ आलं असतं तर दार गेलं असतं, कागद नाही. त्यामुळे कागदाची पुढची बाजू सगळ्या घराला दिसू लागली. मागची दाराला दिसत होती. दार काही वाचत नाही.

पुढच्या बाजूला सूचना होत्या. त्या शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर काशीरामांनी उभ्याने, मोठ्या आवाजात वाचल्या.

"सकाळी उठल्यावर पहिली लघवी संडासात करून टाकावी. ती डब्यात घेऊ नये. वेळ लिहावी. ती सुरुवातीची वेळ. बरोबर आहे. गाईची धार काढतानाही पहिल्या चार पिचकाऱ्या टाकून देतात."

"मी गाय नाही," मालन भाजी निवडता निवडता म्हणाली.

"त्यानंतर दिवसरात्र होणारी प्रत्येक लघवी स्वच्छ, कोरड्या मगात घेऊन डब्यात ओतावी. एकही वाया गेल्यास पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे. शौचाला जायचे असल्यास आधी लघवी मगात करून घ्यावी. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी शेवटची लघवी करावी आणि ती मात्र डब्यात घ्यावी. नेहमीइतकेच पाणी प्यावे. डबा फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत ठेवावा."

फ्रिजला मालनने परवानगी दिली नाही. "त्यात माझी कोथिंबीर असते," ती म्हणाली, आणि विषय संपला. सत्तावीस वर्षं घाटकोपर स्टेशनबाहेर पालेभाजी विकलेल्या बाईशी कोथिंबिरीवरून वाद घालणारा अजून जन्मला नव्हता. काशीराम रविवारी उजाडताच मासळी बाजारात गेले आणि एका कोळणीकडून थर्माकोलची जुनी पेटी व बर्फ घेऊन आले. "काय ठेवणार, पापलेट?" तिने विचारलं. "घरचा माल आहे," काशीराम म्हणाले आणि चालू लागले.

सात वाजता मालनने पहिली लघवी टाकली. काशीरामांनी बाहेरून ओरडून वेळ विचारली, स्वतःच घड्याळ बघून सांगितली आणि लिहिलीही. मग कामाची वाटणी झाली. मालनने मगात करायचं, दार किलकिलं करून मग बाहेर द्यायचा, आणि ओतायचं काम काशीरामांचं. कारण ओतण्यात सांडलवंड होते, आणि सांडलवंड न करता कसं ओतावं हे या घरात फक्त एका माणसाला येत होतं, असं त्या माणसाचं मत होतं. मालनलाही ते बरंच वाटलं. तिला त्या डब्याचं तोंड बघायची हौस नव्हती.

पण दुपारचे दोन वाजले तरी डब्यात काही दिसेना. मालन सकाळी दहाला एकदा गेली होती, मग दीड वाजता. पाच लिटरचा डबा, आणि तळाशी जेमतेम ओल. काशीराम पेटीचं झाकण उघडत, डबा उजेडाकडे धरून बघत आणि झाकण लावत.

"तुला होत नाही का?" त्यांनी विचारलं.

"नाही होत."

"कर ना जरा प्रयत्न."

"काय बादलीभर ओतू? सत्तावीस वर्षं सकाळी बसले की दुपारी उठायचे. तिथं बाईमाणसानं जायचं कुठं? शरीराला सवय लागली. तुमच्यासारखं भिंत दिसली की उभं राहायची सोय नव्हती आम्हाला."

काशीराम खाली मान घालून पेटीजवळ जाऊन बसले. पलीकडे कॉटवर नीलेश मोबाइल बघत पडला होता. डायलिसिसवाल्याला दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी, तेही मोजून. त्याच्या उशाशी खुणा केलेली एक बाटली असायची आणि तो त्यातला एकेक घोट जिभेवर फिरवत प्यायचा. त्याला स्वतःला दिवसाकाठी कपभर लघवी व्हायची पंचाईत. बाटलीत उरलेल्या पाण्याकडे तो बघत होता आणि काशीराम त्याच्याकडे.

आणि तिथेच त्या हुशार माणसाच्या डोक्यात किडा वळवळला. एवढासा नमुना बघून हॉस्पिटलवाले काय म्हणतील? म्हणतील, या बाईच्या किडन्या काम करत नाहीत, हिची काढून मुलाला काय लावायची? पाच लिटरचा डबा देतात, म्हणजे काही विचार करूनच देत असतील. डेअरीत अर्धा कॅन घेऊन येणाऱ्याला ते स्वतः परत पाठवायचे. माप भरलं पाहिजे.

पाणी घालायचा विचार त्यांच्या मनाला शिवलाही नाही. एक तर ते पाप, आणि दुसरं म्हणजे पकडलं जातं. पाण्याने घनता उतरते, काचेच्या नळीला लगेच कळतं, हे त्यांनी उभ्या आयुष्यात हजार जणांना सांगितलं होतं. भेसळ म्हणजे वेगळा पदार्थ घालणं. त्याच जातीचा शुद्ध माल घातला तर त्याला भेसळ कोण म्हणेल? म्हशीच्या दुधात म्हशीचं दूध.

तीन वाजता मालनचा डोळा लागला. काशीराम मग घेऊन संडासात गेले, काम उरकलं, बाहेर आले आणि एक थेंबही न सांडता मग डब्यात रिकामा केला. संध्याकाळी ती शेजारी गेली तेव्हा पुन्हा एकदा. सोमवारी सकाळी सातला शेवटची लघवी डब्यात पडली तेव्हा डबा चांगला तिसऱ्या रेघेच्या जवळ आला होता. पंधराशे नसेल, पण इज्जत राखण्यापुरता होता. काशीरामांच्या छातीत अगदी टँकर पास झाल्यासारखं वाटलं.

झाकण घट्ट लावलं, नाव आणि दोन्ही वेळा लिहिलेली चिठ्ठी डब्यावर चिकटवली, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात. पेटी मांडीवर घेऊन ते मालनबरोबर रिक्षाने मुलुंडला गेले. प्रत्येक खड्ड्याला ते रिक्षावाल्याला सांगत होते, "भाऊ, सावकाश. आतमध्ये हिची किडनी आहे." रिक्षावाल्याने नंतर आरशात बघायचंच सोडून दिलं. हॉस्पिटलच्या खिडकीवरच्या माणसाने डबा हळूहळू उलटसुलट करून ढवळला, मोजला, चौदाशे वीस मिली लिहिलं आणि छोट्या नळीत नमुना घेतला. आधी ढवळला, मग घेतला. काशीरामांनी मान डोलावली. जाणकार माणूस दिसत होता. मालनचं रक्तही त्याच वेळी घेतलं गेलं.

गुरुवारी दुपारी दिशाचा फोन आला. रिपोर्टमध्ये प्रोटीन आलं होतं. दीडशेच्या आत हवं, सहाशेच्या वर होतं. उद्या सगळे जण या, बोलू.

मालनने फोन ठेवला आणि मेथीची जुडी सोडायला घेतली. एक एक पान खुडत राहिली. खुडलेली पानं आणि टाकायच्या काड्या तिने एकाच ताटात टाकल्या, आणि हे तिच्या हातून पहिल्यांदाच होत होतं. "मीच नासकी निघाले," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही. "पोराला द्यायला एक चीज होती अंगात, तीही नासकी."

नीलेश म्हणाला, "आई, असू दे गं. डायलिसिस आहे ना." त्याने ते इतकं हलकं म्हटलं की काशीरामांना तिथे थांबवेना. ते संडासात जाऊन बसले. जायला दुसरी जागाच नव्हती.

बाहेर येताना त्यांची नजर दारावरच्या कागदावर गेली. दोन्ही बाजूंनी वाचा, असं ती पोरगी म्हणाली होती. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी नखाने टेप उकरायला सुरुवात केली. टेप चांगली होती, कुरियरची. रंगाचे पोपडे घेऊन ती एकदाची सुटली, आणि मागची बाजू उजेडात आली.

मागे वारंवार विचारले जाणारे प्रश्न होते. तिसरा प्रश्न असा: लघवी कमी झाली तर? त्याखाली उत्तर: डबा भरलाच पाहिजे असे नाही. चोवीस तासांत जेवढी होईल तेवढी पुरेशी आहे. डबा मोठा असतो कारण काही जणांना जास्त होते. आणि त्याच्याखाली ठळक अक्षरांत: डब्यात पाणी किंवा दुसऱ्या कोणाचीही लघवी मिसळू नये. चुकून मिसळल्यास लपवू नये, कळवावे. नमुना पुन्हा घेता येतो.

काशीरामांनी ते तीन वेळा वाचलं. दुसऱ्या कोणाचीही. म्हणजे त्यांच्या आधी हे करणारे आणखी महाभाग होऊन गेले होते, इतके की हॉस्पिटलला ते छापावं लागलं. एवढाच काय तो दिलासा. बत्तीस वर्षं भेसळ पकडली आणि शेवटी आपल्याच बायकोच्या नमुन्यात केली. मालन आत पोळपाटावर पीठ आपटत होती. आत्ता सांगावं असं दहादा वाटलं आणि दहाही वेळा त्यांनी तोंड उघडून जांभई दिली. लाज वाटत होती, खरी लाज, बायकोपुढे नाही तितकी त्या पोरापुढे.

शुक्रवारी दिशाच्या छोट्या खोलीत तिघे बसले. दिशासमोर रिपोर्ट होता आणि तिच्या कपाळाला आठी होती.

"काकू, एक गोष्ट जुळत नाही," ती म्हणाली. "तुमची साधी लघवीची तपासणी मागे दोनदा झाली, त्यात प्रोटीन नव्हतं. आणि यात क्रिएटिनिन खूप आहे. ते स्नायूंतून येतं, रोज साधारण ठरलेलं असतं. तुमचं वजन सत्तेचाळीस. सत्तेचाळीस किलोच्या बाईला दिवसाला एवढं होत नाही. डॉक्टर म्हणतात, एक तर डबा दोन दिवस भरत होता, नाही तर…"

तिने वाक्य तिथेच सोडलं. काचेची नळी बुडाली होती. काशीरामांना बत्तीस वर्षांतले सगळे टँकरवाले आठवले, कपाळ पुसणारे, साहेब एवढ्या वेळी जाऊ द्या म्हणणारे.

"नाही तर मी," काशीराम म्हणाले.

"तुम्ही काय?"

"मी मुतलो त्यात. दोनदा. तिचं माप कमी भरत होतं म्हणून."

मग नीलेशचे खांदे हलायला लागले. काशीरामांना वाटलं पोरगा रडतोय. पण तो हसत होता. दोन वर्षांत तो असा हसला नव्हता, तोंडावर रुमाल दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाबा," तो म्हणाला, "अहो बाबा, तुमचा रक्तगट जुळला नाही म्हणून तुम्ही असे घुसलात काय?"

मालन हसली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. "कालपासून," ती म्हणाली. "कालपासून मी स्वतःला नासकी समजतेय. आणि तुम्ही बसून जेवत होता."

"चुकलो," काशीराम म्हणाले. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि हा शब्द मालन बहुधा पहिल्यांदाच ऐकत होती.

दिशाने ओठ घट्ट दाबून धरले होते. नोकरीचा प्रश्न होता. "परत करू," ती म्हणाली. "नवीन डबा देते. पण काकू, कमी का होते तुम्हाला? दिवसाला पाणी किती पिता?"

"सवयच नाही. बाजारात बसायचे ना."

"आता तर बाजारात बसत नाही तुम्ही."

मालन पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "तो घरात असला की पीत नाही," ती म्हणाली. "त्याच्यासमोर कसं प्यायचं? तो बाटलीला रेघा मारून पितो. माझ्या घशाखाली उतरत नाही."

नीलेशचं हसू थांबलं. रविवारी तो दिवसभर घरातच होता. काशीरामांनी दिवसभर डबा उजेडाकडे धरून पाहिला होता, आणि दोन वर्षं एकाच खोलीत राहून हे काही पाहिलं नव्हतं.

दिशाने रिपोर्ट पुन्हा जवळ ओढला आणि या वेळी ती काशीरामांकडे बघत राहिली. "काका," ती हळू म्हणाली, "काकूंचं प्रोटीन आधी दोनदा निल होतं. मग हे सहाशे कोणाचं?"

पुढच्या रविवारी सकाळी मालनचा दुसरा डबा सुरू झाला. ओतायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आणि लघवीचा मग खांद्यावरच्या टॉवेलखाली घेऊन फिरली, काशीरामांना सात फुटांच्या आत येऊ दिलं नाही. नीलेशने तिच्यासमोर तांब्या आणून ठेवला. "माझ्यासमोर पी," तो म्हणाला. "मला बघायचंय." तिने मान वळवली तर त्याने तांब्या तिकडे सरकवला. शेवटी ती प्यायली, त्याच्याकडे बघत, गटागट, आणि रडलीही थोडी. त्या डब्यात साडेअकराशे मिली जमली, क्रिएटिनिन सत्तेचाळीस किलोच्या बाईला शोभेल असं आलं, आणि प्रोटीन दीडशेच्या खूप आत. ऑपरेशनची तारीख मिळाली.

मधल्या काळात काशीरामांची साखर तपासली गेली. ज्यांना धाड भरली नव्हती त्यांना किमान सहा-सात वर्षांपासून मधुमेह होता, आणि किडन्या गळायला लागल्या होत्या. अजून फार नाही, डॉक्टर म्हणाले, वेळेवर सापडलं, गोळ्या घ्या, पथ्य करा. नीट किती गळतंय ते बघायला चोवीस तासांचा नमुना आणा.

डबा घेऊन आल्यावर काशीराम म्हणाले, "बघू पुढच्या आठवड्यात. आधी नीलेशचं होऊ दे. माझी काय घाई आहे?"

मालनने डब्याबरोबर आलेला कागद घेतला आणि खिडकीच्या काचेला वरून एकच टेप लावून टांगला, पुढून वाचता यावा आणि उचलला की मागूनही. मग ती थर्माकोलची पेटी घेऊन नवऱ्यासमोर आली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

"माझ्याकडे दोन होत्या," ती म्हणाली. "एक नीलेशला चाललीय. एक मला लागणार. तिसरी नाही माझ्याकडे, तुम्हाला द्यायला." "उद्या सकाळी सातला पहिली टाकायची. बर्फ आणा."

काशीराम उठले, चपला घातल्या आणि बर्फ आणायला गेले.